तेल बंद केलं आणि कान फुटला?

*माझी मुलगी ७ महिन्यांची आहे, वजन साडेसात किलो. जन्मापासून मालिशवाल्या मावशी रोज आंघोळीआधी तिच्या दोन्ही कानांत कोमट खोबरेल तेलाचे दोन-दोन थेंब घालायच्या. लस द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी नको म्हटलं, म्हणून मी ते बंद करायला लावलं. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तिला सर्दी झाली. चौथ्या रात्री १०१ ताप आला, रात्रभर कळवळून रडली, दूध तोंडात घ्यायची आणि लगेच सोडायची. पहाटे अचानक शांत झोपली. सकाळी पाहिलं तर दुपट्यावर पिवळट डाग आणि उजव्या कानातून पाणी. डॉक्टरांनी १० दिवसांचं अँटिबायोटिक दिलंय. सासूबाई म्हणतात, तेल बंद केल्यामुळे कान कोरडे पडले, आंघोळीचं पाणी आत गेलं आणि कान फुटला. मी कामावर रुजू झाल्यापासून दिवसा त्याच तिला सांभाळतात, बाटलीने दूध पाजतात. तेल पुन्हा सुरू करावं का? आंघोळ थांबवावी का? त्यांना दुखवायचंही नाही.*
*– एक आई*

तुमच्या पत्रातला कामाचा तपशील तेलाचा नाही, ‘चौथ्या रात्री’ हा आहे. सर्दी आधी झाली आणि कान नंतर दुखला. हा क्रम धरून ठेवा, उत्तर बरंचसं त्यातच आहे.

कानाला दोन वाटा असतात. बाहेरची वाट सगळ्यांना दिसते. ती पाळीपासून आत जाते आणि पडद्याशी संपते. पुढे रस्ता बंद. पडदा धड असेल तर आंघोळीचं पाणी तिथवर जातं, थांबतं आणि मान कलली की बाहेर येतं. पडद्याच्या पलीकडे वाटाण्याएवढी हवेची पोकळी आहे, तो मधला कान. तुमच्या मुलीला संसर्ग झाला तो तिथे. या पोकळीची स्वतःची वेगळी वाट आहे, ती म्हणजे नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागात उघडणारी एक बारीक नळी. घाट चढताना आपल्या कानांत दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते या नळीमुळेच. गिळताना ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो.

मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि जवळजवळ ४५ अंशांनी घशाकडे उतरते, त्यामुळे मधल्या कानातला ओलावा आपोआप खाली जातो. बाळाची नळी लांबीला निम्मी, तुलनेने रुंद आणि जवळपास आडवी असते, उतार जेमतेम १० अंश. म्हणून नाकातला शेंबूड आणि त्यातले जंतू कानापर्यंत सहज पोचतात, आणि तिथे जमलेलं पाणी मात्र सहज उतरत नाही. सहा महिने ते दीड-दोन वर्षं या वयात कान सर्वाधिक वेळा बिघडतात, त्याचं एक मोठं कारण हे.

आता तुमच्या घरचे चार दिवस पुन्हा बघा. सर्दीने नळीच्या तोंडाशी सूज आली आणि नळी बंद पडली. आतली हवा शोषली गेली, तिच्या जागी पाणी झिरपलं, त्यात नाकातले जंतू वाढले आणि पू झाला. कोंडलेल्या पोकळीत पू वाढला की पडदा बाहेर फुगतो. आडवं झाल्यावर दाब आणखी जाणवतो, म्हणून रात्री रडणं जास्त. चोखताना आणि गिळताना ठणका लागतो, म्हणून दूध तोंडात घेऊन सोडून देणं. पहाटे ताणलेला पडदा एका जागी फाटला, पू बाहेर आला, दाब उतरला आणि ती झोपली. ही शांत झोप म्हणजेच कान फुटल्याचा क्षण. बाहेरून आत काहीही गेलेलं नाही, जे आलं ते आतून बाहेर.

मग तेल चालू असतं तर हे टळलं असतं का? नाही. धड पडद्यातून तेल पलीकडे जात नाही आणि नळीच्या वाटेशी त्याचा संबंधच येत नाही. सासूबाईंनी पाहिलेला क्रम खोटा नाही. तेल बंद झालं आणि तीन आठवड्यांत कान फुटला, हे खरंच घडलं. पण त्याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडत होत्या. मुलगी कान बिघडण्याच्या वयात आली होती आणि बाटली सुरू झाली होती. त्यात सर्दी आली. तेल रोज घातल्या जाणाऱ्या मुलांचेही कान फुटतात. तेव्हा दोष पाण्यावर किंवा वाऱ्यावर जातो, तेलावर कधी येत नाही, एवढाच फरक.

‘कान कोरडे पडतात’ हेही तपासून पाहू. कानाच्या आतली त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेला सरकत असते, अगदी सावकाश, आणि मळ तिच्याबरोबर दाराशी येतो. हा मळ मेणासारखा असतो आणि किंचित आम्ल. ओलावा आणि जंतू दोन्ही तो अडवतो. म्हणजे कानाचं तेल कान स्वतःच तयार करतो. वरून खोबरेल घातलं की बाळाच्या कानाच्या चिंचोळ्या बाहेरच्या वाटेत तेल, मळ, सुटलेली त्वचा आणि धूळ यांचा चिकट गोळा होतो. उबदार आणि ओलसर जागा म्हटल्यावर बुरशीला आणखी काय हवं? बुरशी लागली तर कानात पांढरट कापसासारखा किंवा काळे ठिपके असलेला थर दिसतो आणि खाज सुटते. दुसरा धोका तापवलेल्या तेलाचा. पळीत ‘कोमट’ वाटलेलं तेल मोठ्या माणसाच्या बोटाला सोसतं, पण आतली त्वचा कागदासारखी पातळ असते आणि भाजू शकते. लसूण तडतडवलेल्या तेलाचं तर नावच नको. तिसरी अडचण दवाखान्यात येते. डॉक्टर दुर्बिणीतून पडदा बघायला जातात आणि समोर दिसतं तेलाचं तळं. पडदा लाल आहे की फुगलाय हे कळलं नाही, तर अँटिबायोटिक द्यायचं की थांबायचं याचा निर्णय अंदाजावर जातो.

आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत चौथं कारण सगळ्यात जड आहे. तिच्या उजव्या पडद्याला आत्ता भोक आहे. आज तेल घातलं तर ते दाराशी थांबणार नाही, थेट मधल्या कानात जाईल. तेव्हा तेल पुन्हा सुरू करायचं नाही, आणि हा कान बरा झाल्यावरही नाही. अंगावरचं दूध कानात पिळण्याची पद्धतही काही घरांत आहे, तीही नको. फुटलेल्या कानासाठी घरात पडून असलेले जुने थेंबही मनाने घालू नका. त्यांतली काही औषधं आतल्या कानापर्यंत पोचून ऐकण्यावर परिणाम करू शकतात.

मावशी नाकातही तेल सोडतात का, हे पत्रात नाही, पण कानात घालणाऱ्या बहुधा नाकातही घालतात. ते आजच थांबवा. नाकातलं तेल श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि तेलामुळे होणारा न्यूमोनिया नेहमीच्या औषधांनी लवकर हटत नाही. नाकाकानात फुंकर मारून ‘मोकळं’ करणंही बंद. मालिश मात्र खुशाल चालू द्या. हातापायांना, पाठीला, टाळूवर वरच्यावर तेल लावायला हरकत नाही. कानाच्या बाबतीत मावशींना एकच खूण सांगा. बोटाला जे तेल आधीच लागलंय ते पाळीवर आणि कानामागच्या घडीत पुसायचं, वाटीतून थेंब सोडायचा नाही. ‘अजिबात लावू नका’पेक्षा ‘इथे लावा, इथे नको’ हे ऐकलं जातं.

आता वाहणाऱ्या कानाचं रोजचं काम. पू कोरडा करणं हाही औषधाचाच भाग आहे. स्वच्छ धुतलेल्या, पाणी शोषणाऱ्या मऊ सुती कापडाची पट्टी घ्या आणि चिमटीत पिळून समईच्या वातीसारखी टोकदार वात करा. बाळाला मांडीवर, फुटलेला कान वर येईल असं कुशीवर घ्या. दुसऱ्या कोणीतरी डोकं हलक्या हाताने धरावं. पाळी किंचित मागे आणि खाली ओढली की वाट सरळ होते. वात दाराशी अलगद टेकवून जरा आत सरकवा, अडली की तिथेच थांबा, जोर नको. भिजली की काढा, फेका, नवी घ्या. वात कोरडी बाहेर येईपर्यंत हे करायचं, दिवसातून तीन वेळा. काडीला कापूस गुंडाळलेले बड्स यासाठी वापरायचे नाहीत, मूल हललं तर काडी पडद्याला लागते. पातळ टिश्यू कागदही नको, तो भिजून आतच तुटतो. आणि हे झाल्यावर कानात बोळा कोंबून ठेवू नका. पू बाहेर यायला हवा, बोळ्याने तो आतच साचतो.

आंघोळ थांबवायची गरज नाही, पण सासूबाईंचा पाण्याबद्दलचा धाक या काही दिवसांपुरता बरोबर आहे. भोक असताना बाहेरची वाट बंद उरत नाही. म्हणून स्राव थांबून पडदा भरल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून तांब्या ओतायचा नाही. अंग नेहमीसारखं धुवा. केस धुवायचेच असतील तर कापसाच्या बोळ्याला बाहेरच्या बाजूने व्हॅसलीन चोपडून तो कानाच्या दाराशी ठेवा, ओल्या हाताने केस पुसून घ्या आणि आंघोळ आटोपताच बोळा काढून टाका.

पडदा बरा झाल्यावर नेहमीच्या आंघोळीत पाण्याची भीती बाळगू नका. पायांवर पालथं घेऊन पाणी घालताना थोडं कानात गेलं तर ते परत येतं. आंघोळ झाली की डोकं आधी एका कुशीला, मग दुसऱ्या कुशीला, दहा-पंधरा सेकंद वळवून धरा. पंचाचं टोक आपल्या बोटाच्या टोकावर घ्या आणि जेवढं बोट सहज टेकतं तेवढंच पुसा. बाळाच्या कानात बोट आत शिरतच नाही, तीच मर्यादा. पाण्यापेक्षा जास्त त्रास डाळीच्या पिठाचा होतो. डोक्याला लावलेलं बेसन किंवा मसुराचं पीठ ओघळून कानात जातं आणि तिथे वाळून बसतं. पीठ मानेखाली ठेवा. कानामागची घडी मात्र रोज बघायची. दूध पाजताना गालावरून ओघळलेलं दूध तिथे साचतं, आंबूस वास येतो, कातडी लाल होते. पुष्कळदा घरात ‘कान पिकला’ म्हणतात तो हाच प्रकार असतो, कानाच्या आतला नव्हे. ओल्या कापडाने पुसून कोरडं केलं की दोन-तीन दिवसांत जातो.

आता बाटली. तुमच्या घरात खरोखर बदलण्यासारखी गोष्ट इथे आहे. बाळ सपाट आडवं असताना बाटलीतलं दूध घशाच्या मागच्या भागात साचतं, नेमकं नळीच्या तोंडाजवळ. गिळताना नळी उघडते आणि थोडं दूध, त्याबरोबर नाकातले जंतू, वर सरकू शकतात. बाटलीतून दूध सतत येत असल्यामुळे हे जास्त होतं. आईच्या अंगावर बाळ चोखेल तेवढंच येतं आणि थांबलं की थांबतं. म्हणून तुम्ही रात्री कुशीवर निजून पाजता त्याला बाटलीचा नियम लावून स्वतःला छळू नका. तिथेही डोकं तुमच्या दंडावर जरा उंच राहिलं की पुरे. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळांचे कान मुळात कमी बिघडतात.

सासूबाईंना दाखवायचं ते असं. भिंतीला पाठ टेकून बसावं, बाळाचं डोकं कोपराच्या खोबणीत घ्यावं आणि कोपर मांडीपेक्षा उंच राहील असं हाताखाली लोड ठेवावं. बाळ अर्धवट बसल्यासारखं हवं, कान तोंडापेक्षा वर. बाटली उभी उलटी धरायची नाही. निपल दुधाने भरलेलं राहील इतकीच तिरपी, म्हणजे दूध धारेने न पडता बाळाने ओढल्यावर येतं. मिनिटा-दोन मिनिटांनी बाटली खाली करून तिला श्वास घेऊ द्यावा. संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं खांद्यावर उभं धरावं. उशीला बाटली टेकवून बाळाच्या तोंडात ठेवून जाणं पूर्ण बंद, त्यात ठसका लागण्याचा धोकाही आहे. तुमची मुलगी आता वरचं खाऊ लागली असेल, तर दिवसातलं एखादं दूध वाटी-चमच्याने देऊन पाहा. बोंडल्याची सवय असेल तर तेही चालेल, पण मांडीवर आडवं टाकून, हात दाबून बोंडलं लावायचं ही जुनी रीत मात्र बाटलीइतकीच वाईट. यात एक गल्लत नेहमी होते. डोकं उंच ठेवायचं ते पाजताना. झोपताना बाळ पाठीवर, सपाट, बिनउशीचंच हवं.

पुढच्या सर्दीला नाक सांभाळा, कान आपोआप सांभाळला जाईल. दूध पाजण्याआधी औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब प्रत्येक नाकपुडीत एक-दोन घाला, मिनिटभर थांबा, मग रबरी पंपाने हलकेच शेंबूड ओढून घ्या. नाक मोकळं करणारे मोठ्यांचे औषधी थेंब बाळाला घालू नका. घरात धुरी चालू असेल तर तीही बंद करा. ओवा-बाळंतशेपाचा धूर असो की बिडी-सिगारेटचा, नळीच्या अस्तरावरची शेंबूड बाहेर ढकलणारी केसाळ यंत्रणा दोन्हींनी सारखीच मंदावते. न्यूमोकोकसची लस कान बिघडवणाऱ्या एका मुख्य जंतूविरुद्ध आहे. सरकारी वेळापत्रकात ती ६ आणि १४ आठवड्यांना आणि मग ९ महिन्यांना असते, म्हणजे तुमचा शेवटचा डोस दोन महिन्यांवर आलाय. फ्लूची लस ६ महिन्यांनंतर देता येते, तीही विचारून घ्या.

कानटोपी घाला, थंडीत छानच, पण वारा कानात शिरून संसर्ग होत नाही. सर्दी झालेल्या पाहुण्याने बाळाचे मुके घेतल्याने होतो. आणि ताप नाही, दूध नीट पितेय, झोपतेय, पण कान ओढतेय, तर धावपळ नको. या वयात मुलांना आपले कान नुकतेच सापडलेले असतात. डॉक्टरांना दाखवायचं ते ताप, रात्रीचं रडणं किंवा दूध सोडणं त्याच्या जोडीला असेल तेव्हा.

औषधाचं दोन शब्दांत. कान फुटल्यावर दुखणं थांबतं, ताप उतरतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी म्हणतं, ‘बरी दिसतेय, कशाला पोटात गरम औषध?’ तुमच्या मुलीला दोन वर्षांखालचं वय आणि वाहता कान या दोन कारणांसाठी १० दिवस दिलेत, ते पुरे करा. ताप किंवा दुखण्याला पॅरासिटॅमॉल वजनावर द्यायचं, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. साडेसात किलोला ते ७५ ते ११० मिलिग्रॅम होतं. ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ३ ते साडेचार मिली, आणि १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर जेमतेम पाऊण ते एक मिली. घरात दोन्ही बाटल्या असतात आणि सिरपच्या चमच्याने थेंब दिले जातात, तेव्हा चौपट औषध पोटात जातं. थेंबांची बाटली वेगळ्या डब्यात ठेवा. दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही.

सासूबाईंशी बोलताना तेलावरून सुरुवात करू नका, वाद तिथेच अडकेल. ‘पहाटे ती का शांत झाली’ तिथून सुरू करा. ती रात्र त्यांनीही पाहिलीय, पू आतून आला हे त्यांना लगेच पटेल. मग वात करण्याचं काम त्यांच्याकडे द्या. अशी घट्ट वात वळायला त्यांचाच हात बसलेला असणार, आणि दिवसा बाळ त्यांच्यापाशीच असतं.

औषध सुरू होऊन ४८ ते ७२ तासांत ताप उतरला नाही, तर दहा दिवस संपायची वाट न बघता परत दाखवा. कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसली, मूल मलूल पडलं, ओकाऱ्या लागल्या किंवा चेहऱ्याची एक बाजू हलेनाशी झाली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. ज्या घरात ३ महिन्यांखालचं बाळ आहे, त्यांनी १००.४ ताप दिसला की कानाचा विचारही न करता दवाखाना गाठायचा. तुमच्याकडे सगळं सुरळीत गेलं, तरी १४ दिवसांनंतर कान वाहत राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञ हवेत. वाहणं थांबलं तरी औषध संपल्यावर पडदा भरला का हे दुर्बिणीतून पाहून घ्या. पू गेल्यावरही पडद्यामागे साधं पाणी राहतं, महिन्यानंतरही ते सुमारे १०० पैकी ४० मुलांत सापडतं आणि त्याला पुन्हा अँटिबायोटिक लागत नाही. तीन महिन्यांनीही ते तसंच असेल, तर ऐकण्याची तपासणी करून घ्यायची. आजची तारीख फायलीवर लिहून ठेवा, म्हणजे तीन महिने कधी होतात ते मोजता येईल.